गल्ला वेगळा, घर वेगळे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या गावच्या पेठेत एक जुने किराणा दुकान होते. मालकांच्या घरी साखर लागली तर ते ती दुकानातूनच नेत, पण नेण्याआधी तराजूत घालून मोजत आणि वहीत स्वतःच्या नावे 'उचल' म्हणून लिहीत. लहानपणी मला त्याचे हसू यायचे. स्वतःच्याच दुकानातली साखर, ती कसली लिहायची? पुढे मी हिशेबनीस झालो. एका सहकारी संस्थेचे ताळेबंद जुळवण्यात माझी बावीस वर्षे गेली, तेव्हा त्या उचलीचा अर्थ नीट कळला. दुकानाचा पैसा आणि घरचा पैसा एकदा मिसळला, की दुकान चालते आहे की बुडते आहे, हे खुद्द मालकालाही सांगता येत नाही.

हे सगळे कळत असूनही शेअर बाजारात ट्रेडिंग करताना मी नेमकी तीच चूक केली. आज त्या चुकीविषयी, आणि तिच्यानंतर आमच्या घरी जे नियम झाले त्यांविषयी बोलायचे आहे. कोणता शेअर घ्यावा, कोणता विकावा, हा आजचा विषय नाही. ट्रेडिंग म्हणजे थोड्या मुदतीची, भावातल्या चढउतारावर केलेली खरेदी-विक्री. ती करणाऱ्याने त्यासाठीचा पैसा घरच्या पैशापासून कसा वेगळा ठेवावा, त्यातून काढावा केव्हा, आणि त्यात भर घालू नये ती का, एवढाच विषय आहे.

एप्रिल २०२१ मध्ये मी १,५०,००० रुपये ब्रोकरकडे भरून सुरुवात केली. आधी दिवसाच्या दिवसात शेअरची खरेदी-विक्री, मग ऑप्शन्स. ऑगस्टपर्यंत खाते १,०५,००० वर आले. मी स्वतःशी म्हटले, पुन्हा दीड लाख करून टाकू म्हणजे मोकळेपणाने काम करता येईल. आणि पगाराच्या खात्यातून ५०,००० भरले. दिवाळीच्या सुमारास दोन व्यवहार चांगले झाले, तेव्हा २०,००० काढून घरी दूरचित्रवाणी संच आणला. घरात कौतुक झाले. जानेवारी २०२२ मध्ये विकलेले ऑप्शन्स उलटले, मार्जिन कमी पडले, म्हणून ७५,००० भरले. मार्च महिन्यात सकाळी घेतलेला एक शेअर दुपारपर्यंत पडला. तोटा घेऊन बाहेर पडण्याऐवजी मी त्याची डिलिव्हरी घ्यायची ठरवली आणि त्यासाठी आणखी ६०,००० भरले. जूनमध्ये बँकेतली १,००,००० ची मुदत ठेव मोडली. ती मुलीच्या वसतिगृहासाठी आणि कॉलेजच्या शुल्कासाठी ठेवलेली होती. शुल्क भरायला अजून दोन महिने होते, आणि तोवर पैसे परत ठेवू, अशी माझी खात्री होती. सप्टेंबरमध्ये शेवटचे ४०,००० गेले.

त्या वर्षी शुल्काचे पैसे मला मेहुण्यांकडून आणावे लागले, आणि मुदत ठेव मोडल्याचे घरी कळले ते तेव्हा. मी मंडळींना मोबाइलवर ब्रोकरचे खाते दाखवले. त्यात १,३८,००० रुपये होते. म्हटले, दीड लाखाने सुरुवात केली होती, आज एक लाख अडतीस हजार आहेत. म्हणजे दीड वर्षात बारा हजारांचे नुकसान. तिने मोबाइलकडे पाहिलेसुद्धा नाही. ती एवढेच म्हणाली, "अहो, तिथे किती आहेत ते राहू द्या. आपल्या पासबुकातून गेले किती, ते सांगा."

त्या रात्री मी पासबुक घेऊन बसलो आणि ब्रोकरच्या नावापुढच्या प्रत्येक रकमेखाली लाल रेघ ओढली. दीड लाख, पन्नास हजार, पंचाहत्तर हजार, साठ हजार, एक लाख, चाळीस हजार. बेरीज झाली ४,७५,०००. त्यातून परत आलेले दिवाळीचे २०,००० आणि त्या दिवशी शिल्लक असलेले १,३८,००० वजा केले. उरले ३,१७,०००. माझ्या मनातला तोटा बारा हजारांचा होता, पासबुकातला तीन लाख सतरा हजारांचा.

यात ब्रोकरने काहीही लपवले नव्हते. नफ्यातोट्याचे पत्रक मागितले असते तर मिळाले असते. पण माणूस रोज पाहतो ती शिल्लक. शिल्लक खाली आली की मी भर घालत होतो, त्यामुळे ती दीड लाखाच्या आसपासच राहत होती. गळक्या टाकीत वरून पाणी ओतत राहावे आणि पातळी हलत नाही म्हणून समाधान मानावे, तसा तो प्रकार होता. म्हणून ट्रेडिंग करणाऱ्या कोणालाही माझे पहिले सांगणे हे आहे, की आज घरी गेल्यावर हा हिशेब करा. सुरुवातीपासून भरलेली एकूण रक्कम लिहा, त्यातून आजवर काढलेली एकूण रक्कम आणि आजची शिल्लक वजा करा. उरेल तो तोटा. उत्तर शून्याखाली आले, तर तेवढा नफा. दहा मिनिटांचे काम आहे, पण ते पासबुकावरून करा, आठवणीवरून नको.

या बाबतीत मी एकटा नाही. बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. मार्च २०२४ ला संपलेल्या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला होता, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. मला त्याहून बोलके वाटले ते त्याच पाहणीतले दुसरे निरीक्षण. लागोपाठच्या वर्षांत तोटा होऊनही तोट्यातल्या तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांनी ट्रेडिंग चालूच ठेवले होते. तोट्यात असताना चालू ठेवायचे तर पैसा कुठून तरी यावाच लागतो, आणि बहुतेक घरांत तो येण्याची जागा एकच असते, ती म्हणजे बचत.

तोट्यानंतर भर घातल्याने आकडा झाकला जातो, हे एक झाले. त्याने आणखी एक नुकसान होते, ते सहसा लक्षात येत नाही. समजा, एका व्यवहारात भांडवलाच्या दोन टक्क्यांहून अधिक रक्कम धोक्यात घालायची नाही, असा तुमचा नियम आहे. दीड लाखावर ही रक्कम ३,००० होते. भांडवल १,०५,००० वर आले की तोच नियम तुम्हाला २,१०० वर आणतो. म्हणजे तुमची पद्धत चुकत असेल, किंवा बाजाराचा रंग बदलला असेल, तर तोट्याबरोबर व्यवहारही आपोआप लहान होत जातात. हा भांडवलाला असलेला नैसर्गिक ब्रेक आहे. मी पन्नास हजार घालून खाते १,५५,००० केले, त्या क्षणी माझा धोका पुन्हा ३,१०० झाला. पद्धत चुकते आहे याचा पुरावा चार महिन्यांनी हातात पडला होता, आणि त्यावर माझे उत्तर होते, व्यवहार पहिल्यापेक्षा किंचित मोठा करणे. बुडत्याचा पाय खोलात जातो, तो असा.

आता आमच्या घरातल्या नियमांकडे येतो. ते एका कागदावर लिहिलेले आहेत, त्यावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत आणि कागद कपाटात मंडळींकडे आहे.

पहिला प्रश्न असा होता, की ट्रेडिंगसाठी पैसे बाजूला काढायचे तरी किती. उत्पन्नाच्या अमुक टक्के वगैरे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही दुसरे माप घेतले. आधी पुढच्या तीन वर्षांत तारीख ठरलेले जे जे खर्च होते ते लिहून काढले. मुलीचे शुल्क, घरकर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते, आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया. त्याशिवाय सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवला. यांतल्या कशालाही हात न लावता जे उरते, त्यातून ट्रेडिंगची रक्कम काढायची. आणि तीही आमचे घर सहा महिन्यांत जितकी बचत करते त्याहून जास्त नाही. आमची बचत महिन्याला साधारण सतरा हजार होते, म्हणून मर्यादा एक लाखाची. यामागचा विचार साधा आहे. ही रक्कम पूर्ण गेली तरी घर सहा महिन्यांत पूर्वीच्या जागी येते, आणि कोणत्याही ठरलेल्या खर्चाची तारीख पुढे ढकलावी लागत नाही.

इथे एक अडचण सांगायला हवी. फ्युचर्समध्ये लॉट ठरलेला असतो, तो लहान करता येत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकावरच्या नव्या सौद्यांचे किमान मूल्य सेबीने १५ लाख रुपये केले. एवढ्या सौद्यासाठी लागणारे मार्जिन साध्या पगारदाराच्या सहा महिन्यांच्या बचतीत बसत नाही. मग लोक मर्यादाच वाढवतात. माझ्या मते त्यातून उलटा अर्थ काढावा. भांडवलाचा पाचवा भाग गेल्यावर जर एक लॉटसुद्धा घेता येणार नसेल, तर तो सौदा आपल्या मापाचा नाही. कारण पहिल्याच तोट्यानंतर तुमच्यापुढे दोनच वाटा राहतात, थांबणे किंवा भर घालणे. आणि त्या वेळी थांबणारा माणूस विरळा.

दुसरा नियम खात्यांचा. मनातल्या मनात पैसे वेगळे ठेवून भागत नाही, त्यांच्या वाटाच वेगळ्या लागतात. ब्रोकरकडे पैसे ग्राहकाच्या स्वतःच्या, ब्रोकरकडे नोंदवलेल्या बँक खात्यातूनच जाऊ शकतात. हा नियम आहे गैरप्रकार टाळण्यासाठी, पण आम्ही त्याचा कुलपासारखा उपयोग केला. दुसऱ्या एका बँकेत एक लहान बचत खाते उघडले आणि ब्रोकरकडे फक्त तेवढेच नोंदवले. पगाराचे खाते ब्रोकरच्या नोंदीतून काढून टाकले. आता रात्री अकरा वाजता मला मोह झाला, तरी पैसे आधी घरच्या खात्यातून त्या लहान खात्यात न्यावे लागतात, आणि घरच्या खात्याचा प्रत्येक संदेश मंडळींच्या मोबाइलवर जातो.

याच वाटेवर एक चोरदरवाजा आहे, तोही बंद करावा लागतो. तुमचे दीर्घ मुदतीचे शेअर आणि म्युच्युअल फंड ट्रेडिंगच्याच डीमॅट खात्यात असतील, तर ते तारण ठेवून त्यांवर मार्जिन मिळते. मोबाइलवर दोनचार बटणे दाबली की काम होते. बँकेतून एक रुपयाही हललेला नसतो, त्यामुळे घरच्या पैशाला हात लावला असे वाटतही नाही. पण व्यवहार उलटला की ते तारण विकले जाऊ शकते. म्हणजे मुलीच्या लग्नासाठी दहा वर्षे साठवलेल्या फंडाचे एका दुपारी ट्रेडिंगचे भांडवल होते. म्हणून घराची दीर्घ मुदतीची गुंतवणूक आम्ही वेगळ्या ब्रोकरकडे, वेगळ्या डीमॅट खात्यात नेली, आणि त्या खात्यावर ट्रेडिंग करत नाही.

तिसरा नियम पैसे काढण्याचा. भरण्याबद्दल लोक बोलतात तरी, काढण्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. काही जण खात्याला गाईसारखे दर महिन्याला पिळू पाहतात. दोन लाखांच्या भांडवलातून महिना दहा हजार घरखर्चाला काढायचे ठरवले, तर वर्षाला साठ टक्के नफा हवा. तो दर महिन्याला येत नाही, पण वाण्याचे बिल दर महिन्याला येते. मग नफा नसलेल्या महिन्यात मुद्दल खाल्ली जाते, नाहीतर दहा हजार पुरे करण्यासाठी मोठा डाव टाकला जातो. म्हणून ट्रेडिंगमधून पगार नेमायचा नाही. काढायचे ते नफ्यातून, आणि नफा मोजायचा तोही आधीच्या उच्चांकाच्या वर.

हा उच्चांकाचा हिशेब उदाहरणाने सोपा होईल. समजा, कोणी २,००,००० ने सुरुवात केली. ही झाली त्याची रेषा. तीन महिन्यांनी, सगळे व्यवहार बंद केल्यावर खात्यात २,३६,००० आहेत. रेषेच्या वर आहेत ३६,०००. त्यांचे तीन सारखे भाग करायचे. १२,००० प्राप्तिकरासाठी बाजूला, १२,००० घरी आणि १२,००० भांडवलात. खात्यात राहिले २,१२,०००, आणि ही झाली नवी रेषा. पुढच्या तिमाहीत खाते १,९०,००० वर आले. काही काढायचे नाही, काही घालायचेही नाही. तिसऱ्या तिमाहीत ते २,०८,००० झाले. या तीन महिन्यांत अठरा हजार मिळाले खरे, आणि इथेच हात शिवशिवतात. पण खाते अजून २,१२,००० च्या खाली आहे. ते अठरा हजार म्हणजे गेलेल्यातले परत आलेले आहेत, नफा नव्हे. म्हणून या खेपेलाही काही काढायचे नाही. चौथ्या तिमाहीत खाते २,२७,००० झाले. रेषेवर १५,०००. त्यांतले ५,००० करासाठी, ५,००० घरी, ५,००० भांडवलात. नवी रेषा २,१७,०००.

वर्षअखेर घरी आले १७,०००, करासाठी साठले १७,०००. वर्षाचा निव्वळ नफा ५१,००० होता. फ्युचर्स-ऑप्शन्सचा नफा धंद्याचे उत्पन्न म्हणून धरला जातो आणि आपल्या पायरीप्रमाणे कर लागतो. तीस टक्क्यांच्या पायरीतल्या माणसाला उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे ५१,००० वर सुमारे १५,९००. तिसरा हिस्सा बाजूला ठेवण्याचे कारण हेच. कर भागून उरेल ते घरचे. आमच्या संस्थेतले एक सहकारी नफा पुन्हा बाजारात फिरवत राहिले आणि मार्चमध्ये कर भरायला त्यांना सोने गहाण टाकावे लागले, हे मी पाहिले आहे.

घरी आलेला पैसा मग घरचा. तो पुन्हा बाजाराकडे जात नाही. वाट एकाच दिशेची आहे. याला सेबीच्याच एका नियमाची मदत होते. ग्राहकाची न वापरलेली रक्कम ब्रोकरने महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा, ग्राहकाने निवडल्याप्रमाणे, त्याच्या बँक खात्यात परत करायची असते. मी महिन्याचा पर्याय निवडला आहे. पैसे त्या लहान खात्यात येऊन पडतात. पूर्वी ते पगाराच्या खात्यात येत, आणि मला उगीचच मिळकत झाल्यासारखे वाटे. आता ते भांडवल म्हणून आले की रेषेवरचा नफा म्हणून, हे वहीत पाहून कळते.

चौथा नियम सर्वांत कडक आहे. तोट्यानंतर भर घालायची नाही. नुसते एवढे लिहून भागले नाही, कारण मी हिशेबनीस असल्याने मला पळवाटा पुष्कळ सुचतात. म्हणून आम्ही नियम असा लिहिला, की खात्यात नवे पैसे वर्षातून एकाच दिवशी, १ एप्रिललाच जाऊ शकतात. आणि तेही खाते त्या दिवशी आपल्या रेषेवर किंवा रेषेच्या वर असेल तरच. रेषेखाली असेल तर ते वर्ष तसेच. म्हणजे भर घालण्याचा निर्णय तोट्याच्या दिवशी घेताच येत नाही.

मग मार्जिन कमी पडल्याचा संदेश आला तर? पैसे पाठवायचे नाहीत, व्यवहार कमी करायचा किंवा बंद करायचा. तो संदेश आपल्याला पैसे मागतो असे वाटते, पण खरे तर तो एवढेच सांगत असतो, की भांडवलाच्या मानाने व्यवहार मोठा झाला आहे. सकाळचा पडलेला शेअर संध्याकाळी डिलिव्हरीत घेणे, हीसुद्धा भर आहे. तारण वाढवणे, ब्रोकरकडून उधारीवर शेअर घेणे, सोन्यावर कर्ज काढणे, बायकोच्या नावाने दुसरे खाते उघडणे आणि पूर्वी घरी नेलेला नफा 'तो तर बाजाराचाच होता' म्हणून परत आणणे, या सगळ्या भरीच आहेत. कागदावर त्यांची नावे लिहिलेली आहेत.

भर घालायची नाही, मग थांबायचे कुठे? त्यासाठी तळरेषा आहे, सुरुवातीच्या भांडवलाच्या साठ टक्क्यांवर. एक लाखाचे खाते साठ हजारांवर आले की सगळे व्यवहार बंद करायचे, उरलेले पैसे घरी आणायचे आणि पूर्ण एक वर्ष ट्रेडिंग करायचे नाही. त्यानंतर येणाऱ्या १ एप्रिलला, नव्या बचतीतून, वाटल्यास पुन्हा सुरुवात. साठच का? त्याखाली परतीची वाट फार चढाची होते. एक लाखाचे साठ हजार झाले तर पूर्वपदावर यायला ६७ टक्के नफा लागतो. चाळीस हजार झाले तर १५० टक्के. एवढा नफा मिळवायला निघालेला माणूस साधे व्यवहार करत नाही.

तळरेषेलाही मर्यादा आहे, ती सांगून ठेवतो. आपण साठ हजारांवर थांबायचे ठरवले तरी बाजार रात्रीतून मोठी उडी घेऊन उघडला, तर हाती छप्पन्न किंवा पन्नासही येऊ शकतात. विकलेल्या ऑप्शन्समध्ये तर तोटा खात्यातल्या रकमेपुरताच राहील याचीही हमी नाही. तो जास्त झाला तर ब्रोकरचे देणे अंगावर येते आणि ते घरच्याच पैशातून फेडावे लागते. खाती कितीही वेगळी ठेवली, तरी ज्या व्यवहारात तोट्याला तळ नाही, त्यापुढे ही भिंत टिकत नाही. म्हणून विकलेले उघडे ऑप्शन्स आमच्या कागदावर वर्ज्य आहेत.

इथे कोणी विचारेल, की चांगला शेअर पडल्यावर अधिक घ्यावा असे तर जाणते लोक सांगतात, मग भर घालायला बंदी कशी? तो सल्ला गुंतवणुकीचा आहे. दर महिन्याच्या बचतीतून दहा-पंधरा वर्षांसाठी फंडात पैसे घालणारा माणूस बाजार पडल्यावरही हप्ता भरतो, आणि ते योग्यच आहे. त्याच्यावर मार्जिनची टांगती तलवार नसते, सौद्याची मुदत संपत नसते, आणि हप्ता तोट्यामुळे वाढत नसतो. तो आधीच ठरलेला असतो. गल्लत होते ती ट्रेडिंगमधला तोटा झाकण्यासाठी आपण स्वतःला अचानक गुंतवणूकदार म्हणवू लागतो तेव्हा.

शेवटी, हे नियम आमच्याकडे कसे चालले ते सांगतो. मेहुण्यांचे पैसे फेडून झाल्यावर जुलै २०२३ मध्ये मी एक लाखाने पुन्हा सुरुवात केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये खाते तळरेषेखाली गेले. व्यवहार बंद केल्यावर हाती ५८,४०० आले. ते मी घरच्या खात्यात भरले आणि वहीत खाते बंद केले. ४१,६०० रुपयांचे नुकसान झाले, ते काही थोडे नाही. दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. पण ते ४१,६०० च होते, आणि पासबुकातला आकडा व माझ्या मनातला आकडा या खेपेला एकच होता. त्या वर्षी मुलीचे शुल्क ठरलेल्या तारखेला आमच्याच ठेवीतून भरले गेले.

वर्षभर मी बाजार नुसता पाहिला. मग १ एप्रिल २०२५ ला ऐंशी हजारांनी सुरुवात केली, फक्त शेअरच्या डिलिव्हरीत. लहान खाते तेच आहे, कागद तोच आहे, कपाटाची किल्ली आजही मंडळींकडेच आहे. दर तिमाहीला मी वही घेऊन बसतो, तेव्हा ती समोर येऊन बसते आणि प्रश्न तोच विचारते, आपल्या पासबुकातून गेले किती आणि आले किती. त्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्याकडे तयार असते.